सहलीचं पालकपत्र: सही कशावर घ्यायची?

प्रश्न: मी नाशिक जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. जानेवारीत आठवीची वेरूळ-अजिंठा सहल आहे, एक मुक्काम. पालकांना पाठवायचं माहितीपत्र आणि संमतीपत्र माझ्याकडे आलंय. शाळेच्या फाइलमध्ये जुना नमुना आहे. त्यात चार ओळी आहेत आणि शेवटी "काही अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" यावर पालकांची सही. एवढं पुरे का? खर्चाचं किती लिहायचं? दोन पालक आत्ताच विचारतायत की शिक्षकांचा खर्च कोण करतं.

उत्तर: मॅडम, जुन्या नमुन्यातली ती शेवटची ओळ आधी खोडा. ती सगळ्या शाळांच्या पत्रात असते आणि तिच्यामुळे संरक्षण मिळतं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात शिक्षकांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर पालकाची सही शाळेला वाचवत नाही. १९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुलं बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर येते हे मान्य करून न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. त्या ओळीचा दुसरा तोटा रोजचा आहे. ती वाचली की पालकाला वाटतं, शाळेने आधीच हात झटकले. मग तो मुलाचा दमा किंवा फिट येण्याचा त्रास मोकळेपणाने लिहीत नाही, कारण लिहिलं तर मुलाला नेणार नाहीत अशी त्याला भीती असते. आणि तीच माहिती तुम्हाला रात्री अकरा वाजता लॉजवर लागणार असते.

सहीला वजन येतं ते पालकाला काय काय ठाऊक होतं यावरून. मुलं कुठे जाणार, कशाने जाणार, कुठे झोपणार, सोबत कोण, धोका कशाचा आणि पैसे कशाचे, हे वाचून त्याने होकार दिला असेल तर त्या होकाराला अर्थ आहे. म्हणून पत्राचे दोन भाग करा. वरचा माहितीचा भाग पालकाकडे राहतो, खालची चिठ्ठी फाडून शाळेत परत येते. दोन्ही एकाच कागदावर असतील आणि अख्खा कागद तुम्ही परत घेतलात, तर मूल घराबाहेर असताना लॉजचा पत्ता आणि फोन घरात कुणाकडेच नसतो.

पत्र छापण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात. एक, शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, निदान तिचा दाखल केलेला प्रस्ताव. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींच्या अटी कडक केल्या. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका, समुद्र-नदी-तलावासारख्या जोखमीच्या जागा टाळणे, मुख्याध्यापकांचं हमीपत्र, हे सगळं त्यात येतं. परवानगी हातात येईपर्यंत एक रुपयाही गोळा करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे एसटीच्या डेपोतून लेखी आकडा. शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. तोंडी आकड्यावर पत्र छापू नका. गाडी मुक्कामी राहिली तर किमान आकार किती, टोल-पार्किंग कोणाकडे, कर धरून की सोडून, हे त्या कागदावर लिहून घ्या. पालकांना सांगितलेला आकडा नंतर वाढतो, तो बहुतेक वेळा इथेच.

आता खर्च. तुमच्या शंकेचं खरं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे त्यांच्या जागी घाला.

किती मुलं न्यायची हे गाडीवरून ठरतं. ४४ आसनांची एसटी धरा. चार शिक्षक आणि एक सेविका म्हणजे पाच जण. एक आसन मोकळं ठेवायचंच, कारण गाडीत ओकारी होणाऱ्या मुलाला आडवं करायला जागा लागते. उरली ३८ मुलं, आणि चार शिक्षकांमुळे दहाला एक ही अटही बसते. खर्चाचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात मुलं कमी-जास्त झाली तरी न बदलणारा खर्च: एसटी २४,०००, दोन्ही ठिकाणचे मार्गदर्शक ४,०००, पाच मोठ्यांचं राहणं-जेवण-तिकीट ४,५००, प्रथमोपचार आणि छपाई १,०००. एकूण ३३,५००. दुसऱ्या ढिगात दर मुलामागे लागणारा खर्च: मुक्काम, दोन दिवसांचं जेवण-नाश्ता, अजिंठ्याची फर्दापूर टी-पॉइंटपासून पुढची बस. तो ८०० धरू.

३८ मुलं आली तर पहिला ढीग प्रत्येकी ८८२ रुपये पडतो, ३० आली तर १,११७. बहुतेक शाळा गाडी भरेल असं धरून आकडा सांगतात, ऐनवेळी पाच-सहा जण गळतात आणि उरलेल्यांकडून दोनशे-दोनशे मागावे लागतात. पालक भडकतात, आणि त्यांचं चुकत नाही. त्यापेक्षा किमान संख्येवर हिशोब करा. किमान ३४ मुलं धरली तर ९८५ अधिक ८००, म्हणजे साधारण १,८०० रुपये. पूर्ण ३८ आली तर जमा ६८,४०० आणि खर्च ६३,९००. उरलेले ४,५०० म्हणजे मुलामागे जवळजवळ १२० रुपये परत द्यायचे. सहलीनंतर परत मिळालेल्या या शंभर-सव्वाशे रुपयांनी पुढच्या वर्षीची सहल सोपी होते.

शिक्षकांचा खर्च लपवू नका. "पाच मोठ्यांचा खर्च ४,५००, तो सर्व मुलांत विभागला आहे" असं सरळ लिहा. शाळा किंवा संस्था तो भरत असेल तर तसं लिहा. मुलामागे तो ११८ ते १३२ रुपये येतो. आकडा समोर दिसला की कुजबुज थांबते. "इतर खर्च" नावाची ओळ मात्र पत्रात नको, शंका तिथूनच सुरू होते.

तिकिटाचं एक बारीक पण कामाचं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. आठवीची बहुतेक मुलं त्यात बसतात, एखाद-दुसरं मोठं निघतं. शाळेच्या लेटरहेडवर जन्मतारखांसह यादी, सही-शिक्का मारून सोबत ठेवा आणि मोफत प्रवेशाचे पैसे पालकांकडून घेऊ नका. कुणीतरी पालक तिथे जाऊन आलेला असतोच.

पैसे परत करण्याचा नियमही या दोन ढिगांवरच बसतो. ठरलेल्या तारखेपर्यंत नाव काढलं तर सगळे परत. त्यानंतर दुसऱ्या ढिगातले, म्हणजे ८०० परत, कारण ते जेवण-मुक्काम रद्द करता येतो. गाडीचा वाटा परत नाही, कारण तो दिला तर बाकीच्यांवर पडतो. हे आधी लिहिलेलं असलं की आजारी मुलाच्या बापाशी शाळेच्या दारात वाद घालावा लागत नाही.

आता सुरक्षितता. "मुलांची पूर्ण काळजी घेतली जाईल" हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. त्या ठिकाणचे धोके नावानिशी लिहा. वेरूळ-अजिंठ्याला समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अजिंठ्याला खाली वाघोरा नदी आणि वर धबधब्याचे कुंड आहेत, तिकडे मुलांचे पाय आपोआप वळतात. लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. उग्र वासाचं अत्तर, बॉडी स्प्रे आणि आरडाओरडा टाळायचा, आणि मधमाशी चावल्यावर आधी कुणाला श्वासाचा त्रास झाला होता का हे चिठ्ठीत विचारायचं. पायऱ्या खूप आहेत, गुडघा दुखावलेल्या किंवा दम्याच्या मुलासाठी ते आधी कळायला हवं. माकडं हातातली पिशवी ओढतात. वाराचंही पाहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शुक्रवार-शनिवार बरा.

पण पालकाचा खरा जीव अडकलेला असतो तो रात्रीत, विशेषतः मुलींच्या. बरीच पत्रं दिवसाचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने देतात आणि रात्रीसाठी "मुक्काम" हा एकच शब्द. लॉजचं नाव-पत्ता, मुली कोणत्या मजल्यावर, मुलगे कोणत्या, त्या मजल्यावर कोणत्या बाई झोपणार, हजेरी किती वाजता, रात्री कुणी खोलीबाहेर जायचं नाही आणि गेलंच तर कोणाला उठवायचं, हे लिहा. पाळीचा उल्लेखही सरळ करा: पॅड बाईंकडे आहेत, मागायला लाजू नये. अंथरूण ओलं करण्याचा त्रास असलेली मुलं आठवीतही असतात. ते चिठ्ठीत लिहायला लावू नका, कारण चिठ्ठी वर्गातून फिरते. "काही सांगायचं असेल तर मला प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगा" एवढं पुरतं.

संमतीची एकच सही घेऊ नका. प्रश्न वेगळे, होकार वेगळे. सहलीला पाठवायचं का, हा पहिला. उपचाराचा दुसरा. जीवावरच्या प्रसंगात डॉक्टर कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. अडतं ते मधल्या प्रसंगी: टाके घालायचेत, हात मोडलाय, भूल द्यायची आहे आणि वडिलांचा फोन लागत नाही. तिथे लेखी संमती दाखवता आली तर तासभर वाचतो. तिसरा प्रश्न फोटोंचा. सहलीला हो म्हणणारा पालक मुलीचा फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकायला नाही म्हणू शकतो, आणि त्या नाहीमुळे मुलीची सहल बुडता कामा नये.

खाली नमुना देतो. सरकारी मराठी मुद्दाम टाळली आहे. "उपरोक्त विषयान्वये" वाचून शेतावरून आलेला माणूस थेट सहीच्या जागेकडे जातो.

---

माहितीचा भाग (हा घरी ठेवा)

प्रिय पालक,

इयत्ता ८ वीची सहल शुक्रवार ९ आणि शनिवार १० जानेवारीला वेरूळ आणि अजिंठा इथे जाणार आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी मिळाली आहे (क्रमांक व दिनांक: ........). सहल ऐच्छिक आहे. जे येणार नाहीत त्यांच्यासाठी शाळा नेहमीप्रमाणे सुरू राहील आणि त्यांच्या गुणांवर परिणाम होणार नाही.

प्रवास एसटीने. शुक्रवारी सकाळी ५.४५ ला शाळेत यावे, गाडी ६.०० ला निघेल. दिवसभर वेरूळ. मुक्काम छत्रपती संभाजीनगर येथे: (लॉजचे नाव, पत्ता, फोन). शनिवारी सकाळी अजिंठा, दुपारी २.०० ला परत निघू, रात्री ९.०० पर्यंत शाळेत पोहोचू. उशीर झाल्यास वर्गाच्या ग्रुपवर कळवू. मुलांना न्यायला मोठ्या माणसाने यावे, मुलांना एकटे सोडले जाणार नाही.

सोबत दोन शिक्षिका, दोन शिक्षक आणि एक सेविका असतील (नावे व फोन: ........). मुली आणि मुलगे वेगळ्या मजल्यांवर राहतील. मुलींच्या मजल्यावर दोन्ही शिक्षिका आणि सेविका झोपतील. रात्री १०.०० ला आणि सकाळी ६.०० ला खोलीवार हजेरी होईल. गाडीत बसताना आणि उतरताना प्रत्येक वेळी मोजणी होईल. नदी, कुंड, धबधबा यांच्या जवळ मुलांना नेले जाणार नाही.

लेण्यांजवळ मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, बॉडी स्प्रे लावून पाठवू नका. बरेच चालावे आणि चढावे लागते. पायात जुने, सवयीचे बूट द्या. स्वेटर, पाण्याची बाटली, टोपी, एक जोड कपडे. दागिने नकोत. खर्चाला २०० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. मोबाईल आणू नये. रात्री ८.०० ते ९.०० मध्ये शिक्षकांच्या फोनवरून मुलांशी बोलता येईल.

गरज पडल्यास मुलाला आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊ (संभाजीनगरात घाटी रुग्णालय) आणि लगेच तुम्हाला फोन करू.

खर्च दर विद्यार्थी १,८०० रुपये. त्यात गाडी, मार्गदर्शक, मुक्काम, दोन दिवसांचा चहा-नाश्ता-जेवण, अजिंठ्याची आतली बस आणि सोबतच्या पाच मोठ्यांचा खर्च (एकूण ४,५०० रुपये, सर्व मुलांत विभागून) आहे. हा आकडा किमान ३४ मुले धरून काढला आहे. जास्त मुले आल्यास उरलेली रक्कम परत मिळेल. ३४ पेक्षा कमी नावे आल्यास सहल रद्द होईल आणि सर्व पैसे परत मिळतील. २७ डिसेंबरपर्यंत नाव काढल्यास पूर्ण रक्कम, त्यानंतर ८०० रुपये परत. पैसे शाळेच्या कार्यालयात भरून पावती घ्यावी. खर्चाची अडचण असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, ते इतर कुणाला कळणार नाही. सर्व हिशोब २४ जानेवारीपर्यंत सूचना फलकावर लावला जाईल.

चिठ्ठी (२० डिसेंबरपर्यंत शाळेत द्या)

विद्यार्थ्याचे नाव, तुकडी: ........
माहितीचा भाग मी वाचला / मला वाचून दाखवला.

१. पाल्याला सहलीला पाठवत आहे: हो / नाही
२. माझ्याशी संपर्क झाला नाही तर डॉक्टर सांगतील ते आवश्यक उपचार शिक्षकांनी करून घ्यावेत: हो / नाही
३. सहलीचे फोटो शाळेच्या पानावर टाकावेत: हो / नाही

दमा, फिट, मधुमेह, हृदयाचा त्रास, कशाची अॅलर्जी (औषध, खाणे, मधमाशी): ........
सध्याची औषधे, प्रमाण, वेळ: ........
गाडी लागते का: ........ जेवण: शाकाहारी / उपवास / इतर
त्या दोन दिवसांत लागणारे दोन फोन (दोन वेगळ्या माणसांचे): ........
पालकाचे नाव, नाते, सही / अंगठा, तारीख: ........
अंगठा असल्यास साक्षीदाराचे नाव व सही: ........

---

"दोन वेगळ्या माणसांचे" हे मुद्दाम घातलंय. नाहीतर एकाच बापाचे दोन सिम लिहिलेले येतात आणि दोन्ही एकाच खिशात बंद असतात.

दुसऱ्या प्रश्नाला एखादा पालक "नाही" लिहील. त्याला लगेच नाव काढायला सांगू नका, फोन करा. बहुतेक वेळा त्याला वाटलेलं असतं की शाळा खासगी दवाखान्यात नेऊन बिल लावेल. समजावूनही नाहीच म्हणाला तर त्या मुलाला मुक्कामी न्यायचं की नाही हा निर्णय मुख्याध्यापकांचा, लेखी.

मुलांनी स्वतःच केलेल्या सह्या हा दरवर्षीचा उद्योग. ओळखायला फार हुशारी लागत नाही: नाव आणि सही एकाच पेनाने, एकाच दाबाने, आणि औषधांच्या सगळ्या जागी ठसठशीत "नाही". निकालपत्रावरच्या सहीशी ताडून पाहा. शंका असो वा नसो, ३८ घरी एक-एक फोन करा, चार शिक्षकांत विभागले तर एका संध्याकाळी होतात. "चिठ्ठी मिळाली, तुम्ही हो म्हणालात ना, आणि काही सांगायचंय का?" एवढंच. मुलीचा जुना त्रास, घरातलं भांडण, आजोबा आजारी आहेत हे सगळं त्या फोनवर कळतं.

तुमच्या भागात आई-बाप कामासाठी बाहेरगावी असलेली आणि आजी-आजोबांकडे राहणारी मुलंही असतील. तिथे सही आजीची घ्या, पण आई किंवा वडिलांशी फोनवर बोला. कोणाशी, कधी बोललात आणि ते काय म्हणाले हे चिठ्ठीच्या मागे लिहून तुमची सही करा. आई-वडील वेगळे राहत असतील तर मूल ज्यांच्याकडे राहतं त्यांची सही चालते. मात्र परत आल्यावर मुलाला न्यायला कोण येणार, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवर पत्राची पीडीएफ जरूर टाका, पण अंगठ्याचं चित्र किंवा निळी खूण म्हणजे संमती धरू नका. त्या ग्रुपवर कुणाचा फोन कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला माहीत आहेच.

चिठ्ठ्या आल्या की त्यातून एका पानाची यादी काढा: नाव, दोन फोन, त्रास, औषध. चारही शिक्षकांच्या खिशात एकेक प्रत, एक मुख्याध्यापकांकडे, एक शाळेत त्या रात्री फोन उचलणाऱ्या माणसाकडे. मूळ चिठ्ठ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तुमच्यासोबत गाडीत, कारण दवाखान्यात सहीचा कागद मागितला तर तोच दाखवावा लागतो. मुलांची औषधं नाव-वेळ लिहिलेल्या पाकिटात घालून बाईंच्या पिशवीत. दम्याचा पंप मात्र त्या मुलाच्या स्वतःच्या खिशात, कारण पायऱ्या चढताना बाई आणि पिशवी मागे राहिलेल्या असतात.